वडिलांचा फ्लॅट विकला: साडेबारा टक्के की वीस, आणि नव्या घरात किती घालायचे?

प्रश्न: नमस्कार. वडिलांनी १९९६ साली कोथरूडला साडेपाच लाखांत फ्लॅट घेतला होता. २०१२ मध्ये त्यांनीच चार लाख खर्चून न्हाणीघरे, स्वयंपाकघर, फरशी सगळे नव्याने करून घेतले. २०१६ साली ते गेले आणि मृत्युपत्राने फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ९६ लाखांना विकला. आता तळेगावला बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतोय, स्टॅम्प ड्यूटी वगैरे धरून ६० लाख. उरलेले पैसे मुलीच्या शिक्षणासाठी हवेत. एजंट म्हणतो इंडेक्सेशन आता बंद झाले. मित्र म्हणतो सगळे ९६ लाख घरात घातले नाहीत तर कर लागणारच. नक्की काय?

उत्तर:

एजंटचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि मित्राचे बरेचसे चुकीचे. तुमच्या प्रश्नात तीन वेगळे आकडे एकमेकांत मिसळले आहेत: विक्रीची रक्कम, इंडेक्सेशनशिवायचा नफा आणि इंडेक्सेशनसहचा नफा. इंडेक्सेशन म्हणजे महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे मूळ किंमत वाढवून धरणे. राहते घर विकून दुसरे घर घेताना कलम ५४ ची सूट नफ्याशी जोडलेली असते, विक्रीच्या रकमेशी नाही. विक्रीची सगळी रक्कम गुंतवण्याची अट कलम ५४एफ ची आहे. ते कलम प्लॉट, सोने, शेअर असे काही विकून घर घेणाऱ्यांसाठी आहे. मित्राने बहुधा तेच ऐकले असावे.

खरा पेच पुढे आहे. नफा दोन प्रकारे मोजता येत असेल, तर नव्या घरात घालायचा तो कोणता नफा? तुमचे ६० लाख नेमके या दोन नफ्यांच्या मध्ये पडतात, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आधी इंडेक्सेशनचे आज काय उरले आहे ते पाहू. २३ जुलै २०२४ पासून झालेल्या विक्रीसाठी घर-जमिनीचा दीर्घ मुदतीचा नफा इंडेक्सेशन न लावता मोजायचा आणि त्यावर १२.५ टक्के कर द्यायचा, असा नियम आला. त्यावर ओरड झाल्यानंतर संसदेने विधेयक मंजूर करतानाच एक दुरुस्ती केली. घर किंवा जमीन २३ जुलै २०२४ च्या आधीची असेल आणि विकणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब भारतात निवासी असेल, तर नव्या पद्धतीचा कर जुन्या पद्धतीच्या करापेक्षा जितका जास्त येईल तितका सोडून द्यायचा. जुनी पद्धत म्हणजे इंडेक्सेशन लावून २० टक्के. थोडक्यात, इंडेक्सेशन आता नफा मोजायला वापरत नाहीत, पण करावरची कमाल मर्यादा म्हणून ते टिकून आहे. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

तुम्ही निवासी आहात असे धरतो. तुमच्याऐवजी अमेरिकेत किंवा आखातात स्थायिक झालेल्या भावंडाने हाच फ्लॅट विकला असता तर त्याला ही मर्यादा मिळाली नसती, सरळ साडेबारा टक्केच. कलम ५४ ची सूट मात्र त्यालाही मिळते.

आता मूळ किंमत. वारसाने आलेल्या घराला तुमची स्वतःची खरेदी किंमत नसते, वडिलांची किंमत तीच तुमची. मालकीचा काळही वडिलांच्या खरेदीपासून धरतात, त्यामुळे २४ महिन्यांची अट सहज पूर्ण होते. निर्देशांक कोणत्या वर्षापासून लावायचा यावर पूर्वी वाद होता: २०१६ पासून, की वडिलांच्या खरेदीपासून? मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये मंजुळा शहा यांच्या प्रकरणात तो आधीच्या मालकाच्या काळापासून धरायचा, असे ठरवले. तुमच्या बाबतीत यामुळे फार मोठा फरक पडतो. २०१६-१७ चा निर्देशांक २६४ आहे आणि २००१-०२ चा १००. विक्रीच्या वर्षाचा, म्हणजे २०२५-२६ चा, ३७६.

खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असल्याने तुम्हाला निवड आहे: वडिलांनी मोजलेले साडेपाच लाख धरा किंवा त्या तारखेचा बाजारभाव. बाजारभाव जवळजवळ नेहमीच जास्त असतो. त्यासाठी सरकारमान्य मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या. पण इथे एक अडसर आहे जो अनेकांच्या लक्षात येत नाही. २००१ चा बाजारभाव त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे रेडी रेकनरच्या किमतीपेक्षा, जास्त धरता येत नाही. मूल्यांकनकाराने साडेआठ लाख लिहून दिले आणि २००१ च्या रेडी रेकनरने आठ लाख येत असतील, तर आठच. म्हणून मी मूल्यांकन मागवण्याआधी रेकनरचा दर काढून बघतो. अहवाल त्याच्यापुढे गेला तर जास्तीचा आकडा वाया जातो आणि वर चौकशीला निमित्त मिळते. तुमचे खरे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून उदाहरणापुरते आठ लाख धरतो. तुमच्या इमारतीचा विभाग, मजला आणि क्षेत्रफळ यांवर हा आकडा बदलेल.

२०१२ चे चार लाख ही सुधारणा म्हणून धरता येतील, आधीच्या मालकाने केलेली असली तरी. मात्र ती सुधारणा हवी, डागडुजी नव्हे. फरशी बदलणे, नळजोडणी नव्याने करणे, न्हाणीघर पाडून बांधणे हे टिकते. रंगकाम, पडदे, सुटे फर्निचर टिकत नाही. वडिलांच्या नावाची बिले आणि बँकेतून गेलेले पैसे दिसले पाहिजेत. नुसत्या कंत्राटदाराच्या हस्तलिखित पावत्यांवर हा खर्च दाखवायला मी तरी तयार नसतो. २०१२-१३ चा निर्देशांक २०० आहे.

दलाली आणि विक्रीसाठी सोसायटीने घेतलेले हस्तांतर शुल्क मिळून एक लाख धरू. म्हणजे हातात निव्वळ ९५ लाख.

नव्या पद्धतीने: ९५ मधून ८ आणि ४ वजा, नफा ८३ लाख. साडेबारा टक्क्यांनी कर १०,३७,५००.

जुन्या पद्धतीने: आठ लाख गुणिले ३७६ भागिले १००, म्हणजे ३०.०८ लाख. चार लाख गुणिले ३७६ भागिले २००, म्हणजे ७.५२ लाख. ९५ मधून हे दोन्ही वजा केले की नफा ५७.४० लाख, आणि २० टक्क्यांनी कर ११,४८,००० होतो.

सेस आणि सरचार्ज दोन्हीकडे बाजूला ठेवले आहेत. बघा, काहीही न गुंतवता नुसता कर भरायचा असता तर इंडेक्सेशनशिवायची पद्धत तुम्हाला एक लाखाहून अधिक स्वस्त पडली असती. इंडेक्सेशन गेले म्हणजे नुकसानच झाले, असे सरसकट म्हणता येत नाही. २००१ पासूनच्या घराची किंमत साधारण ८.३६ पटींहून जास्त वाढली असेल तर १२.५ टक्केच बरे, त्यापेक्षा कमी वाढली असेल तर जुनी पद्धत बरी. २०१२-१३ मध्ये घेतलेल्या घराला हीच सीमा सुमारे ३.३५ पट येते. कोथरूडसारख्या भागातली जुनी घरे बहुधा सीमेच्या वर असतात. उपनगराच्या टोकाला दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली, भाव फारसे न हललेली घरे खाली राहतात.

आता तुमचे ६० लाख यात घालू, कारण इथे चित्र उलटते. कलम ५४ ची सूट नफ्यातून रुपयास रुपया वजा होते. नव्या पद्धतीत तो एक रुपया साडेबारा पैसे वाचवतो, जुन्या पद्धतीत वीस पैसे. त्यामुळे जसजशी गुंतवणूक वाढते तसतसा जुन्या पद्धतीचा कर झपाट्याने खाली येतो. तुमच्या आकड्यांत सुमारे १४.७३ लाखांच्या गुंतवणुकीवर दोन्ही कर सारखे होतात. त्यापुढे जुनी पद्धत स्वस्त. ६० लाखांवर नव्या पद्धतीत २३ लाख नफा उरतो आणि कर २,८७,५०० होतो. जुन्या पद्धतीत ५७.४० लाखांचा सगळा नफाच सुटीत जातो, म्हणून कर शून्य.

मग भरायचे किती? तरतुदीचे शब्द असे आहेत की नव्या पद्धतीचा कर ‘दुरुस्तीपूर्वीच्या कायद्याप्रमाणे मोजलेल्या करापेक्षा’ जितका जास्त, तितका सोडायचा. दुरुस्तीपूर्वीच्या कायद्याप्रमाणे मोजायचे म्हणजे इंडेक्सेशनही लावायचे आणि कलम ५४ ची सूटही द्यायची. तसे केले की तो कर शून्य, आणि नव्या पद्धतीचे पूर्ण २,८७,५०० हे ‘जास्तीचे’ ठरतात. माझे वाचन असे आहे, आणि मी याच आधारावर सल्ला देतो.

पण हा मुद्दा सगळ्यांना मान्य आहे असे सांगून मी तुम्हाला निश्चिंत करणार नाही. माझ्या व्यवसायातले काही जण सावध भूमिका घेतात: नफा ८३ लाख आहे, गुंतवले ६० लाख, तर २३ लाखांवर कर भरा. रिटर्नच्या भांडवली नफ्याच्या परिशिष्टात अशा मालमत्तेसाठी इंडेक्सेशनसह आणि इंडेक्सेशनशिवाय, दोन्ही खर्च मागितले जातात. तुमच्या वर्षाचे फॉर्म भरण्याचे साधन आले की हे आकडे त्यात घालून, सूट दोन्हीकडे वजा होऊन कर शून्य दिसतो का, ते सबमिट करण्याआधी तपासा आणि हिशेबाचा कागद फाइलमध्ये ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट. माफ होतो तो कर, उत्पन्न नव्हे. ते २३ लाख तुमच्या एकूण उत्पन्नात दिसतच राहतात. पगार धरून एकूण उत्पन्न ५० लाखांच्या पुढे गेले तर सरचार्ज सुरू होतो, त्यामुळे पगार मोठा असेल तर हा आकडा नजरेआड करू नका. तसेच इंडेक्सेशन लावून तोटा येत असेल तर कर शून्य होतो एवढेच, तो तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही.

वादाचा धोका अजिबात नको असेल तर दुसरी वाट आहे, कलम ५४ईसी चे रोखे. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत जास्तीत जास्त ५० लाख गुंतवता येतात. उरलेले २३ लाख त्यात घातले की नव्या पद्धतीनेही नफा शून्य. पण पैसे पाच वर्षे अडकतात, मध्ये मोडता येत नाहीत, त्यांवर कर्जही काढता येत नाही, आणि व्याजावर कर लागतोच. मुलीचे शिक्षण दोन वर्षांवर आले असेल तर मी ही वाट धरणार नाही. पाच-सहा वर्षे हातात असतील तर विचार जरूर करा. तुमची विक्री नोव्हेंबरच्या मध्यात नोंदली असेल तर सहा महिने मे २०२६ च्या मध्यात संपतात. व्यवहाराच्या नेमक्या तारखेपासून मोजा आणि शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, कारण वाटपाची तारीख आणि पैसे भरल्याची तारीख यावरून उगाच प्रश्न निघतात.

आता तळेगावचा फ्लॅट. तयार घर विकत घेतले तर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षे ही मुदत. बांधले तर विक्रीनंतर तीन वर्षे. बिल्डरकडे बुक केलेला, बांधकाम चालू असलेला फ्लॅट सहसा ‘बांधलेले घर’ म्हणून धरला जातो आणि तीन वर्षे मिळतात, म्हणजे तुमच्यासाठी नोव्हेंबर २०२८. करार करण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख बघा. ती डिसेंबर २०२८ किंवा त्यापुढची असेल तर मी दुसरा प्रकल्प शोधायला सांगेन. बिल्डरने उशीर केला आणि ग्राहकाने पैसे वेळेत भरले होते, अशा प्रकरणांत न्यायाधिकरणांनी बऱ्याचदा सूट दिली आहे. पण ती अपिलात जाऊन मिळालेली सूट असते, आणि सुरुवातीपासूनच तिच्या भरवशावर करार करणे मला पटत नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पुढच्या टप्प्यावर. बिल्डर पैसे बांधकामाच्या टप्प्यांनी घेतो. समजा ३१ जुलै २०२६ पर्यंत, म्हणजे तुमच्यासारख्या पगारदाराच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत, त्याला आणि स्टॅम्प ड्यूटीला मिळून २२ लाख गेले. उरलेले ३८ लाख बचत खात्यात किंवा साध्या मुदत ठेवीत पडून राहिले तर त्यांची सूट धोक्यात येते, तुम्ही पुढे घर पूर्ण केले तरी. ते ३८ लाख त्या तारखेआधी भांडवली नफा खाते योजनेत, ज्याला बँकेत सगळे कॅपिटल गेन अकाउंट म्हणतात, जमा करावे लागतात. उशिराच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरले तरी चालते असे काही निकाल आहेत, पण तेही भांडून मिळालेले.

या खात्याचे दोन प्रकार असतात: ए म्हणजे बचतीसारखे, बी म्हणजे मुदत ठेवीसारखे. बिल्डरचा पुढचा हप्ता लवकर असेल तेवढे ए मध्ये ठेवा, बाकीचे बी मध्ये. चेकबुक मिळत नाही. पैसे काढायला फॉर्म सी भरावा लागतो, आणि पुढच्या वेळी काढताना आधीचे पैसे कुठे गेले ते फॉर्म डी मध्ये दाखवावे लागते. काढलेले पैसे ६० दिवसांत घरासाठी वापरा, उरले तर परत भरा. खाते बंद करताना आयकर अधिकाऱ्याची मंजुरी लागते, त्याला वेळ जातो. ग्रामीण शाखेत हे खाते उघडता येत नाही, आणि शहरातल्या शाखेतही या खात्याची माहिती असलेला माणूस भेटेलच असे नाही. म्हणून जुलैची वाट न पाहता जूनमध्येच चौकशी करा. तीन वर्षांनंतर खात्यात वापराविना राहिलेल्या रकमेवर ज्या वर्षी मुदत संपली त्या वर्षी भांडवली नफा म्हणून कर लागतो.

नवा फ्लॅट तुमच्या नावावर घ्या. पत्नीचे नाव जोडीला घातले तर हरकत नाही. पण नुसत्या मुलीच्या नावावर घेण्याचा विचार असेल तर सोडा. मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रकाश यांच्या प्रकरणात मुलाच्या नावावर घेतलेल्या घराला सूट नाकारली आहे, आणि महाराष्ट्रातल्या करदात्याला तोच निकाल समोर धरून चालावे लागते. नवे घर ताबा मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत विकू नका. विकले तर घेतलेली सूट त्याच्या किमतीतून वजा होते आणि आजचा वाचलेला कर तेव्हा समोर उभा राहतो.

विक्रीच्या करारनाम्यात दोन गोष्टी तपासून घ्या. त्या दिवशीचे रेडी रेकनर मूल्य ९६ लाखांच्या ११० टक्क्यांच्या, म्हणजे १.०५६ कोटींच्या, आत असेल तर ९६ लाखच धरले जातात. त्यापुढे असेल तर रेकनरची किंमतच विक्रीची किंमत मानली जाते आणि वरचा सगळा हिशेब नव्याने करावा लागतो. दुसरे, घेणाऱ्याने एक टक्का कर कापला असेल, तर तो २६क्यूबी फॉर्ममधून तुमच्या पॅनवर जमा झालेला २६एएस या करपत्रकात दिसतो का ते पाहा. कर शून्य ठरला तर ती रक्कम रिटर्नमधून परत मिळते. कलम ५४ आणि ५४ईसी च्या सुटी नव्या करप्रणालीतही चालतात, त्यामुळे केवळ यासाठी जुनी प्रणाली निवडायची गरज नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असला तरी तुमची विक्री त्याआधीची आहे, तिला १९६१ चाच कायदा लागतो.

राहिला आगाऊ कराचा मुद्दा. सावध वाचन स्वीकारून २३ लाखांवर कर भरायचे ठरवलेत, तर सेस धरून सुमारे २.९९ लाख होतात. कापला गेलेला एक टक्का त्यातून वजा करा आणि उरलेले १५ मार्च २०२६ च्या आत आगाऊ कर म्हणून भरून टाका, नाहीतर व्याज चढत जाते. माझ्या वाचनाप्रमाणे जायचे असेल तर हा कर शून्य आहे. तरी त्या २.९९ लाखांइतकी रक्कम कर निर्धारण पूर्ण होईपर्यंत मुलीच्या शिक्षणाच्या पैशांत मिसळू नका, वेगळी ठेवा. तुमच्या इमारतीचा २००१ चा रेकनर दर आणि २०१२ ची बिले हाती आली की ते आकडे इथे लिहा. आठ लाखांऐवजी सहा लाख निघाले तर इंडेक्सेशनसहचा नफा ६४.९२ लाखांवर जातो, म्हणजे तुमच्या ६० लाखांच्या वर, आणि मग उरलेल्या ४.९२ लाखांवर २० टक्क्यांनी किमान सुमारे ९८ हजारांचा कर, अधिक सेस, कोणत्याही वाचनाने भरावाच लागेल.